हॉटस्पॉटवर गेम अडकतोय? आधी पिंग कुठे बिघडतो ते शोधा

लातूरला क्लाससाठी खोली करून राहणारी मुलं असोत, नाहीतर तालुक्यापासून दहा-बारा किलोमीटर आत असलेलं गाव, घरात वायरचं इंटरनेट नसलं की लॅपटॉपवर ऑनलाइन गेम खेळायला मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार. आणि हॉटस्पॉटवर गेम चालतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे नेमबाजीचे गेमसुद्धा व्यवस्थित चालतात. पण एकदा का गेम अडकायला लागला की बहुतेक जण भलतीकडेच हात घालतात. कुणी सिम बदलतं, कुणी मोठा रिचार्ज मारतं, कुणी पिंग कमी करून देणारं ॲप टाकतं. बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हे मोजल्याशिवाय यातलं काहीच करू नये. मोजायला दहा मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

दोन टप्पे, दोन वेगळे आजार

गेममध्ये तुम्ही बटण दाबलं की त्याची खबर छोट्या पॅकेटमधून निघते. लॅपटॉपवरून ती फोनवर जाते, हा पहिला टप्पा. फोनवरून टॉवरकडे, तिथून कंपनीच्या जाळ्यातून गेमच्या सर्व्हरपर्यंत, हा दुसरा टप्पा. सर्व्हरचं उत्तर त्याच वाटेने परत येतं. या जाण्यायेण्याला लागलेला वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदात मोजतात.

‘सर्व्हर मुंबईला, आपण नांदेडला, मग पिंग वाढणारच’ हे नेहमी ऐकायला मिळतं. हिशोब करून बघू. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. नांदेड ते मुंबई सरळ अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. केबल वळणं घेत जाते म्हणून सातशे धरा, तरी जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद होतात. मग गेममध्ये ६० दिसतात, त्यातले बाकीचे कुठून आले? मोठा वाटा फोन आणि टॉवरमधल्या हवेतल्या प्रवासाचा असतो आणि थोडा कंपनीच्या जाळ्यातल्या फेऱ्यांचा. म्हणजे अंतराला दोष देऊन उपयोग नाही. मात्र गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबईचाच निवडला आहे ना, हे एकदा बघून घ्या. चुकून सिंगापूर राहिलं असेल तर समुद्राखालच्या केबलचा प्रवास वाढतो, आणि त्यावर घरी बसून कसलाच इलाज नाही.

सरासरीवर विश्वास ठेवू नका

समजा लागोपाठ पाच पॅकेटना लागलेला वेळ असा आला: ४२, ४५, ४१, ११८, ४४. सरासरी ५८. आकडा चांगला दिसतो. आता शेजारशेजारच्या आकड्यांमधला फरक काढा: ३, ४, ७७, ७४. या फरकांची सरासरी साडेएकोणचाळीस येते. हा जिटर, म्हणजे पिंगमधली चढउतार. दुसऱ्या एखाद्या खोलीत पिंग सतत ७० ते ७३ राहतो. सरासरी पहिल्यापेक्षा जास्त, पण खेळायला हीच खोली चांगली.

कारण गेमच्या रचनेत आहे. काउंटर-स्ट्राइक २ चा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशोब करतो, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदाला एकदा. ७० चा उशीर कायम असेल तर गेम तो धरून चालतो आणि हातालाही त्याची सवय होते. पण एखादं पॅकेट अचानक ७५ मिलिसेकंद उशिरा आलं तर मधले चार-पाच हिशोब तुमच्या खबरीशिवाय होऊन जातात. मग समोरचा खेळाडू एका जागेवरून उडी मारल्यासारखा दुसरीकडे दिसतो, तुम्ही भिंतीआड गेलेले असताना पुन्हा बाहेर ओढले जाता, आणि नेम बरोबर असूनही गोळी लागत नाही. नेट स्लो आहे असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. स्पीड टेस्टमध्ये ४० एमबीपीएस दाखवत असतानाही हे होऊ शकतं, कारण एमबीपीएसचा आकडा किती डेटा येतो ते सांगतो, पॅकेट वेळेवर येतं का ते नाही.

मोजायचं कसं

लॅपटॉप नेहमीसारखा हॉटस्पॉटला जोडा, गेम बंद ठेवा. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि हे लिहा:

```
ipconfig
```

त्यात `Default Gateway` समोर जो पत्ता दिसतो तो तुमच्या फोनचा. आयफोन असेल तर तो बहुधा `172.20.10.1` असतो. अँड्रॉइडमध्ये वेगवेगळा येतो आणि हॉटस्पॉट बंद-चालू केला की बदलूही शकतो, म्हणून दर वेळी बघा. आता दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत फोनचा पत्ता घालून पहिली ओळ चालवा, दुसरीत दुसरी. इथे फोनचा पत्ता उदाहरणादाखल दिला आहे:

```
ping -n 100 192.168.43.1
ping -n 100 1.1.1.1
```

पहिली खिडकी फक्त लॅपटॉप ते फोन मोजते. दुसरी पूर्ण वाट मोजते. `1.1.1.1` हा गेमचा सर्व्हर नाही, त्यामुळे गेममधला आकडा थोडा वेगळा येईल, पण चढउतार ओळखायला तो पुरेसा आहे. शंभर पॅकेटना दीड-दोन मिनिटं लागतात. शेवटी `Minimum`, `Maximum`, `Average` आणि `Lost` येतं. दुसऱ्या खिडकीतलं पहिलं एखाद-दुसरं उत्तर फार मोठं आलं तर ते सोडून द्या. फोनचा रेडिओ बॅटरी वाचवायला डुलकी घेतो आणि त्याला जागं व्हायला वेळ लागतो. गेम चालू असताना पॅकेट सतत जात असल्याने तो झोपत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. अहमदपूर तालुक्यातलं एक घर समजा. वर पत्रे, आतल्या खोलीत टेबल, फोन लॅपटॉपच्या बाजूला चार्जिंगला. कानात ब्लूटूथ हेडफोन. मोजल्यावर असं आलं:

फोनपर्यंत: कमीत कमी २, जास्तीत जास्त १८६, सरासरी १४.
इंटरनेटपर्यंत: कमीत कमी ३८, जास्तीत जास्त २४०, सरासरी ७१, आणि १०० पैकी २ पॅकेट हरवली.

पहिल्या ओळीतला १८६ बघा. फोन हातभर अंतरावर आहे आणि तिथपर्यंत जाऊन यायलाच कधीकधी १८६ मिलिसेकंद लागताहेत. टॉवरचा यात काही संबंध नाही. म्हणजे कंपनीला शिव्या देण्याआधी घरातलाच टप्पा दुरुस्त करायचा आहे.

पहिला टप्पा: वायफाय सोडा, केबल लावा

हॉटस्पॉट बहुतेक फोनमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर चालू होतो. त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथ हेडफोन असतात, मायक्रोवेव्हही. एकाच वाटेवर गर्दी झाली की पॅकेट थांबून राहतात. शिवाय लॅपटॉप अधूनमधून आसपासची वायफाय नावं शोधत असतो, तेवढा वेळही गेमची पॅकेट अडतात. पिंग ठराविक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा उडत असेल तर हेच कारण समजा.

सर्वांत चांगला उपाय यूएसबी टेदरिंग. त्याने वायफाय हा भागच मधून निघून जातो.

१. डेटा जाणारी केबल घ्या. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. लॅपटॉपला जोडल्यावर फोनवर यूएसबीची सूचना आली तर केबल बरोबर आहे.

२. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट व टेदरिंगच्या पानावर `USB tethering` चालू करा. केबल जोडल्याशिवाय हे बटण दाबता येत नाही. आयफोनला विंडोजवर ॲपलचा ड्रायव्हर लागतो, तो आयट्यून्सबरोबर येतो.

३. लॅपटॉपचं वायफाय पूर्ण बंद करा. दोन्ही चालू ठेवलं तर गेम कुठल्या वाटेने जातोय ते कळत नाही.

४. `ipconfig` पुन्हा चालवा, कारण फोनचा पत्ता बदललेला असतो. मग दोन्ही पिंग पुन्हा मोजा.

आपल्या उदाहरणात केबल लावल्यावर फोनपर्यंतचा पिंग १ वर आला आणि तिथेच राहिला. इंटरनेटपर्यंत आता कमीत कमी ३७, जास्तीत जास्त १२८, सरासरी ५४. हरवलेलं पॅकेट शून्य. निम्मं काम झालं. उरलेला १२८ दुसऱ्या टप्प्याचा.

केबल जमतच नसेल, म्हणजे पोर्ट खराब असेल किंवा गेम दुसऱ्या फोनवर खेळत असाल, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये `AP Band` किंवा तशाच नावाखाली ५ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये `Maximize Compatibility` बंद ठेवायचं. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून फारसं जात नाही, तेव्हा फोन त्याच खोलीत हवा. लॅपटॉप जुना असेल तर त्याला हा हॉटस्पॉट दिसणारच नाही. जोडला गेल्यावर `netsh wlan show interfaces` चालवा. `Channel` समोर ३६ किंवा त्यापुढचा आकडा असेल तर ५ गिगाहर्ट्झ, १ ते १३ असेल तर अजून २.४ वरच आहात. ब्लूटूथ हेडफोनऐवजी वायरचा लावा.

दुसरा टप्पा: फोनला टॉवर दिसू द्या

वरच्या कांड्यांकडे बघू नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या पद्धतीने दाखवतो. सेटिंगमध्ये `About phone`, त्यात `SIM status` उघडलं की `Signal strength` समोर उणे चिन्हाचा आकडा असतो, शेवटी `dBm`. तो शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. ४जीवर उणे ९० च्या आत असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत निभतं, उणे ११० च्या पलीकडे गेलं की गेम त्रास देणार. आकडा खराब असला की फोनचं बोलणं टॉवरला एका फटक्यात कळत नाही, तीच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि तोच जिटर होऊन दिसतो.

पत्र्याच्या घराचा प्रश्न इथे येतो. लोखंडी पत्रा रेडिओ लहरी अडवतो, त्यामुळे आतल्या खोलीत रेंज पडते आणि दारात आलं की मिळते. लांब यूएसबी केबल खरी कामाची ठरते ती इथेच. लॅपटॉप टेबलावर राहू द्या आणि तीन मीटरची चांगली केबल घेऊन फक्त फोन खिडकीत नेऊन ठेवा. पाच मीटरच्या वर साधी केबल नेऊ नका, जोडणी तुटायला लागते. खिडक्या दोन असतील तर दोन्हीकडे ठेवून आकडा बघा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा लगेच बदलत नाही. उदाहरणातल्या घरात टेबलावर उणे १११ होता, उत्तरेच्या खिडकीत उणे ९७ झाला. पिंग कमीत कमी ३७, जास्तीत जास्त ८२, सरासरी ४६.

खिडकीत ऊन येत असेल तर मात्र जपा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. फोन चार्ज होतोय, डेटा ओढतोय आणि वरून ऊन, असं झालं की तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिला अर्धा तास गेम छान आणि मग हळूहळू बिघडत जातो, असं होत असेल तर फोनला हात लावून बघा. कव्हर काढा, सावलीत ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या.

५जीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ५जी भक्कम असेल तर पिंग चांगलाच येतो. पण तालुक्याच्या गावाबाहेर तो अनेकदा काठावर असतो, आणि फोन ५जी-४जी असा झोके खात राहतो. प्रत्येक बदलाला पॅकेट क्षणभर अडकतात. वरचं चिन्ह सारखं बदलताना दिसलं तर `Preferred network type` मध्ये जाऊन फोन ४जीवरच थांबवा. वेग कमी होईल, पिंग स्थिर होईल, आणि गेमला तेच हवं असतं.

घरातल्या घरात पिंग खाणारे

मोजताना सगळं छान आणि खेळताना अचानक पिंग ४००-५००, असं झालं तर पाठीमागे काहीतरी अपलोड होतंय. मोबाइलवर वर जाणारी वाट खाली येणारीपेक्षा अरुंद असते. फोनने लग्नाचे फोटो गूगल फोटोजवर चढवायला घेतले की त्यांची लांबलचक रांग लागते आणि तुमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. फोनवरचं फोटोंचं बॅकअप मोबाइल डेटावर बंद करा. लॅपटॉपवर या जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन `Metered connection` चालू करा, म्हणजे विंडोजचे बहुतेक अपडेट आणि वनड्राइव्ह थांबतात. यूएसबीची जोडणी `Ethernet` खाली दिसते. वायफायला हे आधी केलेलं असलं तरी इथे वेगळं करावं लागतं. हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवा आणि जोडता येणाऱ्या उपकरणांची मर्यादा एकवर आणा. घरातलं कुणी त्याच हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघत असेल तर कितीही सेटिंग करून उपयोग होत नाही.

दुसरा घोटाळा कॉलचा. फोनमध्ये दोन सिम असतील आणि डेटा पहिल्यावर असताना दुसऱ्यावर कॉल आला, तर अनेक फोनमध्ये पहिल्याचा डेटा कॉल संपेपर्यंत थांबतो. गेममधून थेट बाहेर. ज्या सिमवर कॉल येतात त्याचे कॉल खेळण्यापुरते दुसऱ्या फोनवर वळवून ठेवा, किंवा ते सिम सेटिंगमधून तेवढ्यापुरतं बंद करा. डेटाच्या सिमवर व्होल्टी चालू असू द्या. ते बंद असेल तर कॉल आल्यावर फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि डेटा अडतो.

पिंग कमी करण्याच्या ॲपवर आणि व्हीपीएनवर पैसे घालवू नका. फोन ते टॉवर या भागावर त्यांचा काही ताबा नाही, आणि व्हीपीएन तर वाट आणखी लांब करतो. काउंटर-स्ट्राइक २ च्या सेटिंगमध्ये पॅकेट थोडी थांबवून सलग देण्याची सोय आहे, एक किंवा दोन पॅकेटची. जिटर थोडा उरला असेल तर एक पॅकेट ठेवा. त्याने जवळपास १६ मिलिसेकंद उशीर वाढतो, पण हालचाल सलग दिसते.

गर्दीची वेळ

हीच दोन मोजमापं सकाळी सहाला आणि रात्री नऊला करा. कमीत कमी पिंग दोन्ही वेळी तेवढाच आणि जास्तीत जास्त रात्री दुप्पट-तिप्पट होत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. सिग्नलचा आकडा चांगला असूनही हे होतं. लाईट गेल्यावर गावातले राउटर बंद पडतात आणि सगळे मोबाइल डेटावर येतात, तेव्हाही हेच दिसेल. यावर घरातून करण्यासारखं एकच आहे: गावात दुसऱ्या कंपनीचं सिम असणाऱ्या कुणाच्या तरी फोनवरून त्याच खिडकीत, त्याच वेळी मोजून बघायचं. फरक दिसला तरच सिम घ्या. दिसला नाही तर रँकचे सामने सकाळी किंवा दुपारी खेळा आणि रात्री असे गेम खेळा ज्यांत पाळीपाळीने चाल करायची असते. त्यांना जिटर जाणवत नाही.

डेटा किती लागतो

इथे नवखे उलट बाजूने घाबरतात. गेम स्वतः फार थोडा डेटा खातो. सेकंदाला ६४ पॅकेट, एकेक २०० बाइटचं धरलं तर एका बाजूने सेकंदाला १२.८ किलोबाइट. जाणारं-येणारं मिळून तासाला ९२ एमबी. मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड ६४ केबीपीएसवर असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून तासाला जास्तीत जास्त ५८ एमबी. दोन तास खेळलात तर ३०० एमबीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीत हे आरामात बसतं. तुमच्या गेमचा खरा आकडा विंडोजच्या `Data usage` पानावर ॲपवार दिसतो. एक सामना खेळण्याआधी आणि नंतर बघून घ्या.

डेटा संपवतात ते अपडेट. एखादा अपडेट कित्येक जीबीचा असतो आणि गेम उघडला की लगेच सुरू होतो. स्टीममध्ये `Downloads` च्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट ठराविक वेळेवर टाका. रोजचा कोटा रात्री बाराला नवा होतो, तेव्हा अकरा वाजता जो उरला असेल तो अपडेटला लावा आणि संपत आला की थांबवा. दुसऱ्या दिवशी ते तिथूनच पुढे सुरू होतं. क्लाउडवरचे गेम, म्हणजे सगळं चित्रच व्हिडिओसारखं येतं ते, या हिशोबात बसत नाहीत. सेकंदाला २५ मेगाबिट लागले तर २ जीबी अकरा मिनिटांच्या आत संपतात.

अमर्यादित ५जीच्या प्लॅनमध्ये एक बारीक अट असते: फोन ५जीवर असेपर्यंतच ते अमर्यादित. वर सांगितल्याप्रमाणे तुम्ही फोन ४जीवर थांबवलात की डेटा रोजच्या कोट्यातून जायला लागतो. म्हणून फोन ४जीवर असताना अपडेट चालू ठेवू नका.

कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. सेकंदाला ८ किलोबाइट. गेमला एका बाजूनेच १२.८ हवे होते. म्हणून फोनवर नेट चालू दिसतं, व्हॉट्सॲपचा मेसेजही जातो, पण गेममध्ये पिंग हजाराच्या वर जातो आणि तिथून खाली येत नाही. मघाशी पाहिलेले झटके उडून परत खाली येतात, हा वरच राहतो. असं दिसलं की कुठलंही सेटिंग बदलायच्या आधी शिल्लक डेटा बघा.